‘मोडल्या’ या एका शब्दात गेलेला तास

माझ्या आठवणींच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : ‘त्या वर्षी आईने पाटल्या मोडल्या.’ वाक्यात चूक काहीच नव्हती. त्याच्या मागेपुढे बेचाळीस पानं होती आणि त्यांत गिरणी संपाची सहा वर्षं होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संप रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. त्यामुळे तो आमच्या घरी कधी संपला हे सांगता येत नाही. मी मात्र सगळं सांगायचं ठरवलं होतं. पहिलं वर्ष सात पानं, दुसरं वर्ष सात पानं, तिसरं वर्ष सात पानं. प्रत्येक वर्षाला सारखा वाटा.

एका मैत्रिणीने तो खर्डा वाचला आणि एकच प्रश्न विचारला : “पाटल्या मोडल्या तेव्हा तू कुठे होतास?”

“आईबरोबरच होतो.”

“मग ते कुठे आहे?”

त्या प्रश्नाने मला आठवणींच्या लिखाणातली सगळ्यांत अवघड गोष्ट दाखवून दिली. कॅलेंडरवर सगळी वर्षं सारख्या लांबीची असतात, पण पानावर त्यांना सारखी जागा दिली की लिखाण हजेरीपटासारखं होतं. काही वर्षं एका परिच्छेदात बसवावी लागतात आणि एखादा तास पाच-सहा पानं घेतो. हे बहुतेकांना मान्य असतं. प्रत्यक्षात ते करायचं कसं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला ते शिकायला दोन वर्षं लागली. जे हाती लागलं ते त्या पाटल्यांच्याच आधाराने सांगतो.

सुरुवात मी मोजण्याने केली. खर्ड्याच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं, की या परिच्छेदात किती काळ जातो. ‘दोन महिने’, ‘एक वर्ष’, ‘आठवडाभर’, ‘साधारण एक हंगाम’. बेचाळीस पानं झाली तेव्हा समास पाहून वाईट वाटलं. ‘दहा मिनिटं’ किंवा ‘अर्धा तास’ असं एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही घड्याळाचा काटा वाचकाला दिसत नव्हता, सगळीकडे पानं उलटणारं कॅलेंडरच होतं. आठवणी लिहिणाऱ्या कुणालाही मी हा प्रयोग करायला सांगेन. त्याला हुशारी लागत नाही, फक्त पेन्सिल लागते.

असं मोजणाऱ्या एका फ्रेंच अभ्यासकाचं नाव इथे घ्यायला हवं. जेरार जनेत याने 1972 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रूस्तच्या प्रचंड कादंबरीतला काळ आणि पानं यांचं गणित मांडलं. त्याच्या हिशेबात एका टोकाला सुमारे तीन तासांसाठी 190 पानं होती आणि दुसऱ्या टोकाला बारा वर्षांसाठी तीन ओळी. म्हणजे कुठे मिनिटाला एक पान, तर कुठे एका पानाला अख्खं शतक. ती कादंबरी आहे, आठवणी नव्हेत. पण आठवणींच्या स्वरातच लिहिलेली आहे आणि हिशेब इथेही लागू पडतो. वेग बदलतो म्हणून वाचकाला वेग जाणवतो. बस एकाच गतीने चालली की माणूस झोपतो, तसंच हे.

आपल्याकडे याचं फार जुनं उदाहरण आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून 1857 साली उत्तरेला निघाले आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडले. पुढे जवळपास पंचवीस वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहून काढलं आणि 1907 साली ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं गेलं. शेकडो कोसांची पायपीट ते मुक्कामांची नावं घेत भराभर मागे टाकतात. मार्च-एप्रिल 1858 मध्ये झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडतो आणि शहर पडतं, तेव्हा मात्र त्यांची चाल बदलते. तिथे ते दिवसांवर येतात. कोणाकडून त्यांनी हे शिकून घेतलं नव्हतं. जीव मुठीत धरून जे दिवस काढले, तिथे त्यांचा हात आपोआप हळू झाला. आपल्यासारख्यांना ते आपोआप जमत नाही, कारण आपण शाळेत निबंध लिहायला शिकलेलो असतो आणि निबंधात सगळ्या मुद्द्यांना सारखा न्याय द्यायचा असतो.

आधी आवळण्याबद्दल सांगतो. सहा वर्षं एका परिच्छेदात बसवायची म्हटल्यावर माझी पहिली धाव अमूर्ताकडे गेली. ‘पुढची काही वर्षं फार हलाखीची गेली. घरात खाण्याचीही भ्रांत होती. वडिलांनी मिळेल ते काम केलं.’ तीन वाक्यांत सहा वर्षं संपली, पण दिसलं काहीच नाही. ‘हलाखी’ हा शब्द कोणाच्याही घरात बसतो. परिच्छेद आवळताना वस्तू गाळायच्या नसतात, उलट एकच वस्तू धरून ठेवायची आणि बाकीच्या सोडायच्या असतात. ती वस्तू अशी हवी की वर्षागणिक बदलत गेली. मी आईला विचारलं, भावाला विचारलं, स्वतः आठवत बसलो. रेडिओ विकला होता, पण तो एकदाच विकला. त्यात चढउतार नव्हता. शेवटी चहा सापडला. मग परिच्छेद असा झाला :

‘संप सुरू झाला तेव्हा घरातला चहा दुधाचा होता. होळीपर्यंत त्यात दूध कमी आणि पाणी जास्त झालं. पावसाळ्यात वडील लावणीसाठी गावी जात, ते परत येत त्या दिवशी चहा पुन्हा पांढरा होई. दुसऱ्या वर्षी कोरा चहा सुरू झाला आणि पाहुणा आला की आई शेजारून अर्धी वाटी दूध आणी. तिसऱ्या वर्षी साखरेच्या जागी गूळ आला. वडील आधी भाजीबाजारात हमाली करू लागले, मग एका गोदामावर रात्रीचे राखणदार झाले आणि कोऱ्या चहाचा थर्मास त्यांच्याबरोबर जाऊ लागला. मी दहावी पास झालो त्या संध्याकाळी आईने दुधाचा चहा केला. वडिलांनी अर्धा कप प्यायला आणि बाजूला ठेवला. त्यांना आता तो जड वाटत होता.’

बेचाळीस पानांपैकी बरीच या एका परिच्छेदात आली. मोर्चे, सभा, युनियनच्या बातम्या, वडिलांची मित्रांशी भांडणं हे सगळं निघून गेलं. काढताना जीव तुटला हे खरं. पण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती सहा वर्षं लांब वाटली. आवळलेला काळ छोटा वाटू नये, तो लांब वाटावा आणि तरी पटकन वाचून व्हावा, ही या परिच्छेदाची परीक्षा आहे.

आता यातली क्रियापदं पाहा. ‘जात’, ‘येत’, ‘होई’, ‘आणी’. शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणून शिकवतात आणि मुलं दोन गुणांसाठी तो पाठ करतात. आठवणी लिहिणाऱ्यासाठी मात्र ते मराठीतलं सगळ्यांत मोलाचं हत्यार आहे. ‘आई दूध आणी’ म्हटलं की एका क्रियापदात पन्नास वेळा आणलेलं दूध येतं. बोलीत आपण ‘आणायची’, ‘जायचे’ म्हणतो, तेही हेच काम करतं, फक्त थोडं जड चालतं. ‘आई दूध आणी’मध्ये हात हलका लागतो, ‘आई दूध आणायची’मध्ये सांगणारा समोर बसलेला असतो. दोन्ही चालतात. मात्र ‘यायचे, जायचे, म्हणायचे, बसायचे’ हे सलग पानभर चाललं की कान बधिर होतो आणि वाचकाला वाटतं की या घरात कधी काही घडलंच नाही, सगळं फक्त घडायचं.

याच क्रियापदात एक सापळा आहे आणि त्यात मी अनेकदा पडलो. माझ्या खर्ड्यात होतं : ‘आई दर शनिवारी वडिलांना म्हणायची, काल दुपारी सावकार दारात उभा राहिला आणि शेजारच्या काकूंनी दार लोटून घेतलं.’ हे दर शनिवारी कसं म्हणता येईल? सावकार दर शुक्रवारी येत असेल, पण काकूंनी दार लोटलं ते एकदाच. मी एका दिवसाचं नेमकं बोलणं रोजच्या क्रियापदात कोंबलं होतं. हे लिहिताना कळत नाही, वाचणाऱ्याला मात्र खटकतं, जरी कारण सांगता आलं नाही तरी. ओळखायची खूण सोपी आहे : ‘म्हणायची’नंतर जे वाक्य येतं ते दहा वेळा जसंच्या तसं म्हणणं शक्य आहे का, एवढं विचारायचं. नसेल, तर तो प्रसंग आहे आणि त्याला त्याचा दिवस द्यायला हवा.

रोजच्यातून त्या दिवसात शिरायचं ते दार मराठीत फार अरुंद आहे, एका शब्दाचं. ‘मात्र’, ‘एकदा’, ‘त्या दिवशी’. गिरणगावात काळ भोंग्यावर चाले. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चुली पेटत. संपात भोंगे बंद झाले आणि आई पहाटे उठायची ती सवयीने, मग अंधारात नुसतीच बसून राही. इथपर्यंत रोजचं आहे. यानंतर लिहिलं : ‘त्या दिवशी मात्र ती बसली नाही. मोरीत गेली.’ एवढं पुरतं. रोज जे घडतं ते आधी नीट बसवलेलं असलं की त्यातला फरक वाचकाला थांबवतो. रोजचं सांगितलंच नाही आणि थेट ‘त्या दिवशी’ म्हटलं, तर तो दिवस इतर दिवसांपेक्षा वेगळा का हे वाचकाला समजायला मार्ग राहत नाही.

कोणता तास निवडायचा, हा प्रश्न मला सोपा वाटला होता. माझ्या यादीत संपाचा पहिला दिवस होता, एक मोठा मोर्चा होता, दहावीचा निकाल होता. हे सगळे सर्वांना माहीत असलेले, तारखा असलेले दिवस. ते लिहून पाहिले तेव्हा प्रत्येक प्रसंग सपाट निघाला, कारण त्यात जे घडलं ते एका वाक्यात सांगूनही तेवढंच कळत होतं. ‘निकाल लागला, पास झालो.’ पाटल्यांच्या बाबतीत तसं नव्हतं. ‘आईने पाटल्या मोडल्या’ या वाक्यातून पैसे आले हे कळतं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आई वडिलांपासून काही लपवू शकते, आणि तिने त्यात मला भागीदार केलं. हे वाक्यात लिहिलं तरी ते तसं पोहोचत नाही, ते घडतानाच दिसावं लागतं. सारांशात जे सांडतं ते जिथे जास्तीत जास्त आहे, तो तास निवडावा.

मग ‘मोडल्या’ हा शब्द उघडायचा. मराठीत दागिना विकण्याला ‘मोडणे’ म्हणतात. तो शब्द इतका भरलेला आहे, की सगळा तास गिळून टाकतो. शिवाय आपल्या भाषेला ‘ऊन’ची मोठी सोय आहे : ‘आई मला घेऊन सराफाकडे जाऊन पाटल्या मोडून पैसे पदरात बांधून घरी आली.’ चार क्रिया एका दमात उरकल्या. वेग हवा तिथे ‘ऊन’सारखं दुसरं काही नाही. पण तास हळू करायचा असेल तर प्रत्येक ‘ऊन’ सोडवावा लागतो. प्रत्येक कृतीला तिचं स्वतःचं पूर्ण क्रियापद द्यायचं आणि तिथे पूर्णविराम :

‘आईने हाताला साबण लावला. उजवी पाटली निघाली. डावी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. तिने तांब्यातलं पाणी ओतलं आणि पुन्हा साबण लावला. हाड लाल झालं होतं. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे न बघता दुसरा हात पुढे केला आणि म्हणाली, “ओढ.” मी ओढली नाही. ती पुन्हा म्हणाली, “अरे ओढ, दुखत नाही.” मी ओढली. पाटली निघाली ती माझ्या हातात आली. ती गरम होती.’

इथे विशेषणं जवळजवळ नाहीत, आईच्या मनात काय चाललं होतं तेही नाही. तास हळू होतो तो कृती सुट्या झाल्यामुळे. हे मला फार उशिरा समजलं. आधी मला वाटे, हळू म्हणजे वर्णन. म्हणून दुकानाच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, की भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती, लाकडी बाक होता, काचेच्या पेटीत तराजू होता, पंखा होता. चार वाक्यं झाली आणि या चार वाक्यांत आई दारात तशीच उभी राहिली होती. वर्णन चालू असताना घड्याळ थांबतं. थांबणं आणि हळू चालणं वेगळं. तेच सामान कृतीत घातलं तेव्हा घड्याळ सुरू झालं : ‘आई बाकाच्या अगदी कडेला टेकली. सराफांनी पंखा बंद केला, कारण वाऱ्याने काटा हलत होता.’ बाक आला, पंखा आला, तराजू आला, आणि वेळही पुढे सरकली. पंखा बंद झाल्यावर दुकानात जी शांतता पसरली तीही आली, ती वेगळी लिहावी लागली नाही.

यानंतर कसोटीचा दगड येतो. सराफांनी पाटली दगडावर घासली, पिवळी रेघ उमटली, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला आणि रेघेकडे बघत राहिले. इथे खरोखरच सगळे थांबलेले असतात, आई, मी आणि सराफही. प्रसंगातली ही रिकामी जागा मला फार उपयोगी पडली, कारण तिथे वर्षं घालता येतात. मी तिथे तीनच वाक्यं लिहिली : या पाटल्या आजोबांनी एक म्हैस विकून लग्नात घातल्या होत्या. आईने त्या भाकरी थापताना कोपरापर्यंत वर सरकवायच्या, हे मी जन्मापासून पाहिलं होतं. पुढे मी नोकरीला लागून तिला नव्या करून दिल्या, त्या तिने कधी वर सरकवल्या नाहीत, कारण गॅसवर पोळ्या लाटताना तसं करावं लागत नव्हतं. तीन वाक्यांत मागची-पुढची तीस वर्षं झाली आणि रेघ अजून सुकायची होती. पात्रं जिथे वाट बघत असतात, तिथेच वाचक असं दूर जायला तयार असतो. आई हात पुढे करत असताना किंवा सराफ नोटा मोजत असताना हीच वाक्यं टाकली असती, तर प्रसंग तुटला असता. मी टाकून पाहिलं आहे.

प्रसंगात शिरायचं कधी आणि निघायचं कधी, हेही मी काटछाट करत शिकलो. पहिल्यांदा मी सकाळी उठण्यापासून सुरुवात केली आणि घरी येऊन झोपण्यापर्यंत गेलो. दोन्ही टोकं कापली. मोरीतल्या साबणापासून सुरू केलं आणि सराफांनी नोटा कागदात गुंडाळून दिल्या, आईने त्या मोजल्या नाहीत, तिथे सोडलं. घरी आल्यावर वडिलांना काय सांगितलं हे लिहिण्याचा मोह मोठा होता. पण ते पुढच्या प्रकरणात यायला हवं होतं, कारण वडिलांना ते कळलं दीड वर्षाने.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, काम झालं. मग पावती सापडली.

आईच्या जुन्या ट्रंकेत कागदांच्या घडीत ती होती. वजन होतं, तारीख होती : जानेवारी 1983. माझ्या प्रसंगात पाऊस होता. मला तो अगदी स्वच्छ आठवत होता. छत्रीतून पायरीवर गळणारं पाणी, सराफांनी छत्री बाहेर ठेवायला सांगितली, आईने ती ठेवताना इकडेतिकडे पाहिलं, कारण ती चोरीला जाईल ही भीती. जानेवारीत मुंबईत पाऊस कुठला?

याच जागी एक जुना अभ्यास कामाला आला. अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत अध्यक्ष निक्सन यांचा वकील जॉन डीन याने जून 1973 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. निक्सनबरोबरच्या बैठकी त्याने इतक्या तपशिलाने सांगितल्या, की त्याला मानवी टेपरेकॉर्डर म्हटलं गेलं. नंतर खऱ्या टेप बाहेर आल्या. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर याने 1981 साली दोन्ही शेजारी ठेवून तपासलं. 15 सप्टेंबर 1972 च्या, तासाभराच्याही आतल्या एका बैठकीबद्दल डीनने सांगितलेलं जवळपास काहीच त्या बैठकीत तसं बोललं गेलेलं नव्हतं. आणि तरी डीन खोटं बोलत नव्हता. प्रकरण दडपण्यात निक्सन सामील होते, हे तो सांगत होता आणि ते खरं होतं. अनेक बैठकींतून त्याला जे कळलं, ते त्याच्या स्मृतीने एका बैठकीत आणून बसवलं होतं.

म्हणजे काळ आवळायचं काम आपण लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी स्मृतीने करून ठेवलेलं असतं. वारंवार घडलेल्या गोष्टींतून ती एक गोष्ट करते आणि तिला आपण एक दिवस समजतो. प्रसंग जितका हळू, जितका तपशिलाचा, तितका हा धोका मोठा. सारांशात ‘पावसाळ्यात आई सराफाकडे गेली’ असं चुकलं असतं, तर एका शब्दाची दुरुस्ती पुरली असती. इथे मी छत्रीवर दीड पान लिहिलं होतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, “दोनदा गेलो होतो ना आपण. पावसात नुसता भाव विचारायला. तेव्हा नाही मोडल्या.” म्हणजे दोन फेऱ्यांची मी एक फेरी केली होती. छत्री पहिल्या फेरीची, कसोटी दुसऱ्या फेरीची. मला वाईट वाटलं, पण त्यातून जे मिळालं ते माझ्या बनवलेल्या प्रसंगापेक्षा मोठं होतं. पावसाळ्यात भाव विचारला आणि जानेवारीत मोडल्या, म्हणजे मधले पाच-सहा महिने आई हातातल्या पाटल्यांकडे ‘या जाणार’ म्हणून बघत होती आणि भाकऱ्या थापत होती. ते महिने मी पुन्हा एका परिच्छेदात लिहिले, रीतिभूतकाळात. छत्रीचं दीड पान पहिल्या फेरीला गेलं आणि तिथे कापून सहा ओळींचं झालं.

संवादाचंही तसंच. “ओढ” हा शब्द मला आठवतो आणि आईलाही आठवतो, म्हणून तो अवतरणात आहे. सराफ काय म्हणाले ते दोघांनाही नक्की आठवत नाही. तिथे मी अवतरण काढलं आणि लिहिलं, ‘सराफ भावाबद्दल काही बोलले, आईने मान हलवली.’ प्रसंग हळू करताना संवादाची भूक लागते, कारण संवादाइतकं घड्याळाच्या बरोबरीने दुसरं काही चालत नाही. बोलायला जितका वेळ लागला जवळपास तितकाच वाचायला लागतो. म्हणूनच बनवलेला संवाद आठवणींत पटकन शिरतो. माझा नियम असा, की एका प्रसंगात खात्रीचे चार-पाच शब्द अवतरणात असले तरी पुष्कळ झाले. बाकीचं कृतीने सांगता येतं.

सगळं नीट लावून झाल्यावर मी ती सहा पानं आईला वाचून दाखवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने डोळे मिटून ऐकलं. दगडावरच्या रेघेपाशी तिने हात थोडा वर केला, मी थांबलो, तर “वाच” म्हणाली. संपल्यावर म्हणाली, “एवढा वेळ कुठे लागला होता? दहा मिनिटांत उरकलं. आपल्याला रॉकेलच्या रांगेला जायचं होतं. डबा तुझ्या हातात होता.”

डबा मला आठवत नव्हता. आता आठवतो की तिने सांगितल्यामुळे दिसतो, हे मी ठरवू शकत नाही. पानावर मी ते तसंच लिहिलं : आई म्हणते, माझ्या हातात रॉकेलचा डबा होता. दहा मिनिटांची पानं मी सहाच ठेवली आणि शेवटी एक वाक्य वाढलं. नोटांचा कागद आईने पदरात बांधला आणि आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो. पुढे तीसेक माणसं होती.